नेटवर्क संपतं तिथून पुढचा नकाशा

राहुरीतून पश्चिमेला निघालं, मुळा धरणाचं पाणी मागे पडलं आणि ताहाराबाद, म्हैसगाव, चिखलठाण, दरेवाडीकडचा डोंगराळ भाग सुरू झाला की फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा एक-एक करून विझतात. तालुक्याच्या पूर्वेकडच्या सपाट, उसाच्या पट्ट्यात ही अडचण जवळजवळ नाही. विहिरींची नोंद, बांधबंदिस्तीची पाहणी, मातीचे नमुने ही कामं मात्र पश्चिमेकडेच जास्त निघतात. पाहणी करणाऱ्याच्या हातात ॲप असतं, जीपीएस चालू असतो, स्वतःच्या जागेचा निळा ठिपकाही दिसतो. त्या ठिपक्याखाली नकाशा नसतो, नुसती करडी जाळी असते. आपण कोणत्या गटात उभे आहोत, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे त्या जाळीवरून कळत नाही.

पूर्वी याला सोपं उत्तर होतं. सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ आय/७ आणि ४७ आय/११ ही पत्रकं घडी घालून पिशवीत टाकली की तालुक्याचा बराचसा भाग सोबत यायचा. आज तेच काम एका फाइलने करायचं असतं. ती फाइल कशी बांधायची याचे आज रूढ झालेले मार्ग तीन-चार आहेत आणि त्यांच्यावर लिहिलंही बरंच गेलं आहे. माझा अनुभव असा की मार्ग कोणता यावर जितकी चर्चा होते, त्याच्या दशांशही चर्चा फाइलमध्ये काय भरायचं यावर होत नाही. फाइल बिघडते ती बहुतेक वेळा भरण्यात.

मुळापासून सांगतो. फोनवरचा नकाशा म्हणजे एकसंध चित्र नसतं, चौकोनी फरश्या शेजारी-शेजारी लावून तो उभा राहतो. झूम शून्यला सगळं जग एका फरशीत मावतं. झूम एकने वाढला की प्रत्येक फरशीच्या जागी चार येतात. राहुरीच्या अक्षांशावर झूम १४ ची एक फरशी सुमारे २.३ किलोमीटर रुंद असते, झूम १७ ची २८८ मीटर आणि झूम १८ ची १४४ मीटर. प्रत्येक फरशीचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: झूम, स्तंभ आणि ओळ. राहुरी गावाजवळचा ७४.६५ पूर्व, १९.३९ उत्तर हा बिंदू झूम १४ ला `14/11589/7292` या फरशीत पडतो.

आता तालुका झाकणारी चौकट घेऊ: ७४.४० ते ७४.८० पूर्व आणि १९.२५ ते १९.५५ उत्तर. झूम १४ ला या चौकटीत २८५ फरश्या बसतात. १५ ला सुमारे १,१००, १६ ला ४,३००, १७ ला १७,००० आणि १८ ला ६८,०००. एका फरशीचं सरासरी वजन १५ केबी धरलं, तर झूम १७ पर्यंतचा सगळा नकाशा ३४० एमबीच्या आसपास होतो. त्यावर एकच पायरी चढली की तोच नकाशा १.३ जीबीच्या पुढे जातो. शेवटची पायरी आधीच्या सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेच्या तिप्पट भरते, आणि ती पायरी हवी का हे कोणी विचारत नाही. साधनात कमाल झूम या रकान्यात सवयीने १९ किंवा २० टाकला जातो.

तो आकडा दोन गोष्टींवरून ठरवावा. पहिली म्हणजे मूळ चित्रात तपशील किती आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा असतो आणि हा तपशील झूम १४ लाच संपतो. त्याच चित्राच्या झूम १८ पर्यंत फरश्या पाडल्या तर प्रत्येक ठिपक्याचा मोठा ठोकळा होतो, माहिती तसूभरही वाढत नाही आणि फाइल शेकडो पट फुगते. दुसरी गोष्ट म्हणजे फोनच्या जीपीएसची अचूकता. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचा जीपीएस चार-पाच मीटरच्या घरात चूक दाखवतो. झूम १७ ला एक ठिपका १.१ मीटरचा आणि १८ ला अर्ध्या मीटरच्या जरा वर असतो. बांध ओळखायला, विहिरीचं कडं बघायला १८ ची गरज पडते हे मी मान्य करतो. त्यापुढे निळा ठिपकाच इतका डळमळतो की नकाशा कितीही बारीक असून हाती काही लागत नाही.

म्हणून आम्ही हद्द दोन थरांत कापतो. सगळा तालुका झूम १६ पर्यंत, म्हणजे साधारण ५,७०० फरश्या. नेटवर्क नसलेला पश्चिमेचा पट्टा, साधारण ७४.४० ते ७४.५५ पूर्व आणि १९.२८ ते १९.४५ उत्तर, तेवढाच १७ आणि १८ पर्यंत. त्याच्या झूम १८ च्या फरश्या १४,००० च्या आसपास होतात. सगळं मिळून ३५० एमबीत बसतं, म्हणजे आधीच्या पाव हिश्श्यात. आणि जिथे उभं राहून काम करायचं तिथे तपशील पूर्ण मिळतो. यात एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी लागते. पट्ट्याबाहेर झूम १८ ला गेल्यावर काही ॲप १६ ची फरशी ताणून दाखवतात, तर काही कोरा पडदा देतात. तुमचं ॲप दुसऱ्या जातीचं असेल तर दोन वेगळ्या फाइली करून त्या एकावर एक लावणं बरं.

एकच फाइल का, असा प्रश्न नवखे लोक हमखास विचारतात. फोल्डरमध्ये फरश्यांची चित्रं ठेवूनही ॲप चालतं, मग बांधणीचा खटाटोप कशाला? ९०,००० छोट्या फाइली केबलने फोनवर चढवायला बसलं की दुपार जाते आणि मध्येच तुटलं तर कुठे तुटलं ते कळत नाही. मेमरी कार्डवर जागा ठरावीक तुकड्यांनी दिली जाते. तुकडा १२८ केबीचा असेल तर १५ केबीची फरशीही १२८ केबी अडवते आणि १.३ जीबीचा नकाशा ११ जीबी खाऊन बसतो. शिवाय `.nomedia` ही रिकामी फाइल त्या फोल्डरमध्ये टाकायची राहिली, तर फोनची गॅलरी एकेक फरशी फोटो समजून गोळा करते. लग्नाच्या फोटोंमध्ये हजारो हिरवे-करडे चौकोन आलेले मी पाहिले आहेत.

एका फाइलचे आज तीन प्रकार चालतात. सर्वांत रुळलेली एमबीटाइल्स. ही आतून एसक्यूलाइटचा साधा डेटाबेस असते: `tiles` या तक्त्यात झूम, स्तंभ, ओळ आणि फरशी, आणि `metadata` या तक्त्यात नाव, हद्द, किमान आणि कमाल झूम. क्यूफील्ड, ओडीके कलेक्ट अशी शेतात वापरली जाणारी बरीच ॲप ती उघडतात. दुसरी जिओपॅकेज, ओजीसीने २०१४ मध्ये प्रमाण केलेली. तीही एसक्यूलाइटच आहे, पण तिच्यात फरश्यांसोबत बिंदू, रेषा, गटांच्या आकृत्याही राहतात. तिसरी पीएमटाइल्स. तिची सध्याची तिसरी आवृत्ती २०२२ ची. तिच्यात डेटाबेस नाही. फाइलच्या पहिल्या १६ केबीत अनुक्रमणिकेचं पहिलं पान असतं, त्यावरून ॲप हव्या त्या फरशीवर थेट उडी मारतं. एमबीटाइल्स ही मध्ये पान घालता येणारी नोंदवही आहे आणि पीएमटाइल्स हा शिवून बांधलेला ग्रंथ. एक फरशी बदलायची तरी तो उसवून पुन्हा बांधावा लागतो.

एकसारख्या फरश्यांची गोष्ट इथे येते. मुळा धरणाच्या जलाशयाच्या मध्यावर झूम १८ च्या शेकडो फरश्या अशा असतात की त्यात निळ्या रंगाशिवाय काही नाही. पीएमटाइल्स ती निळी फरशी एकदाच ठेवते आणि लागोपाठच्या पत्त्यांना तिच्याकडे बोट दाखवते. एमबीटाइल्समध्येही हे करता येतं, पण प्रत्येक साधन ते करतंच असं नाही. आमच्यासारख्या तालुक्यात यातून फार मोठी बचत होत नाही, कोकण किनाऱ्याच्या नकाशात ती डोळ्यांत भरते.

फक्त शेतातल्या फोनसाठी काम असेल तर मी आजही एमबीटाइल्सच घेईन. पीएमटाइल्सचं खरं बळ सर्व्हरवर ठेवलेल्या मोठ्या फाइलमधून लहान तुकडा तोडून घेण्यात आहे. पृथ्वीभराच्या फाइलमधून राहुरीपुरता भाग एका आज्ञेत निघतो, बाकी काही उतरवावं लागत नाही:

```
pmtiles extract planet.pmtiles rahuri.pmtiles \
  --bbox=74.40,19.25,74.80,19.55 --maxzoom=15
```

इथे `planet.pmtiles` च्या जागी सर्व्हरवरच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. हे तोडकाम कचेरीत, नेट असताना करायचं. ॲपला दुसराच प्रकार लागत असेल तर रूपांतर नंतर करता येतं.

रूपांतराच्या वाटेवर एक जुना खड्डा आहे. बहुतेक नकाशे ओळी उत्तरेकडून मोजतात, एमबीटाइल्स दक्षिणेकडून मोजते. झूम १४ ला एकूण ओळी १६,३८४. म्हणून राहुरीची ७२९२ ही ओळ एमबीटाइल्समध्ये १६३८३ वजा ७२९२, म्हणजे ९०९१ होते. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ही वजाबाकी राहिली तर फरश्या असतात, फाइल भरलेली असते, आणि ॲपमध्ये राहुरी कोरी दिसते. अशा वेळी नकाशा सरकवत विषुववृत्ताच्या खाली १९ अंश दक्षिणेला जाऊन बघावं. मॉरिशसच्या पूर्वेला भर हिंदी महासागरात आपला मुळा धरणाचा परिसर, प्रत्येक फरशी सुलटी पण ओळींचा क्रम उलटा, असा सापडतो. सापडला की चूक कुठली ते लगेच ठरतं.

दुसरा खड्डा मी स्वतः ओढवून घेतला. फरश्या भरण्याचं काम रात्रभर चाललं, सकाळी `rahuri.mbtiles` ही फाइल पाच फोनवर टाकली आणि आम्ही निघालो. म्हैसगावच्या अलीकडे लक्षात आलं की झूम १६ पर्यंत सगळं आहे, पुढे काही नाही. संध्याकाळी परत येऊन संगणकावर तीच फाइल उघडली तर सगळं जागच्या जागी! कारण असं की एसक्यूलाइट एका पद्धतीत नव्या नोंदी आधी शेजारच्या `rahuri.mbtiles-wal` या फाइलमध्ये लिहितो आणि सवडीने मुख्य फाइलमध्ये मिसळतो. भरणारा प्रोग्रॅम अजून उघडाच होता, शेवटच्या दोन पायऱ्या त्या शेजारच्या फाइलमध्ये पडून होत्या, आणि मी नेली फक्त मुख्य फाइल. तेव्हापासून नक्कल करण्याआधी, भरणारा प्रोग्रॅम बंद करून, ही दोन वाक्यं चालवल्याशिवाय फाइल कोणाच्या हातात देत नाही:

```
sqlite3 rahuri.mbtiles "PRAGMA journal_mode=DELETE;"
sqlite3 rahuri.mbtiles "SELECT zoom_level, COUNT(*),
 SUM(LENGTH(tile_data))/1048576 FROM tiles GROUP BY zoom_level;"
```

पहिल्याने शेजारची फाइल मुख्य फाइलमध्ये विरघळते. दुसऱ्याने प्रत्येक झूमला किती फरश्या आणि किती एमबी ते दिसतं. हद्द सारखी असेल तिथे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या जवळपास चौपट असायला हवी. चौपटीऐवजी दुप्पट दिसली तर उतरवणं मध्येच तुटलेलं असतं. फरश्या पूर्ण असूनही नकाशा सरकवताना फोन गुदमरत असेल, तर बहुधा झूम, स्तंभ, ओळ यांवरची सूची बनवायची राहिलेली असते आणि प्रत्येक फरशीसाठी फोन अख्खा तक्ता चाळत असतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. फरश्या दोन जातींच्या असतात. एक चित्राची, रंग आणि अक्षरं आधीच उमटवलेली. दुसरी रेषांची. तिच्यात फक्त रस्त्याची वळणं आणि गावाचं नाव माहिती म्हणून असतं आणि चित्र फोन स्वतः काढतो. रेषांची फरशी हलकी असते. ती झूम १५ पर्यंतच ठेवली तरी पुढे ताणताना रेघ फाटत नाही. अख्खा तालुका काही एमबीत मावतो. त्यामुळे जाणकार लोक एकमुखाने तिची शिफारस करतात. पण चित्र फोनने काढायचं तर रंगांची कृती, चिन्हं आणि अक्षरांचे ठसेही फोनवर लागतात. शैलीच्या `style.json` फाइलमध्ये `glyphs` आणि `sprite` यांच्यापुढे बहुधा इंटरनेटचा पत्ता लिहिलेला असतो. कचेरीत सगळं दिसतं, डोंगरात गेल्यावर रस्ते दिसतात आणि एकाही गावाला नाव नसतं. हे ठसे ॲपमध्येच बांधून पत्ता बदलला की नावं येतात.

नावं येतात, पण कशी येतात ते बघा. या नकाशांसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं मॅपलिब्रे हे साधन अक्षरं एकामागे एक मांडतं, जोडाक्षरं घडवत नाही. मराठीत पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, साठवताना नंतर येते. साधन तिला जागा बदलायला लावत नाही. ती च च्या नंतर, ख च्या डोक्यावर जाऊन बसते आणि चिखलठाणचं चखिलठाण होतं. म्हैसगावात म चा पाय मोडलेलाच दिसतो. ब्राह्मणीची तर दोन्ही जोडाक्षरं सुटी होऊन पडतात. एका देवळाच्या ओट्यावर बसलेल्या काकांना मी फोन दाखवून वाट विचारली होती. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, “साहेब, हे चखिलठाण कुठं आलं? आपल्याकडं तर चिखलठाण हाय.” मी म्हटलं, “काका, चिखलठाणच आहे ते, फोनला लिहिता आलं नाही.” त्यांनी वाट बरोबर सांगितली, पण फोन परत देताना त्या नकाशावरचा त्यांचा भरवसा गेलेला मला दिसला. गावाचं नाव ज्याला लिहिता येत नाही त्याने दाखवलेली गटाची हद्द खरी कशी मानायची?

यावर आज तीन उपाय आहेत. नावं इंग्रजीत ठेवणं हा पहिला, आणि शेतकऱ्याला नकाशा दाखवायचा असेल तर तो मला पटत नाही. दुसरा म्हणजे जोडाक्षरांचे तयार ठसे बनवून नावं त्या ठशांच्या क्रमांकांत लिहिणं. प्रोटोमॅप्सच्या नकाशात देवनागरीसाठी ही वाट काढलेली आहे. ती चालते, पण फरशी, ठसे आणि शैली या तिघांची आवृत्ती एकमेकांशी जुळावी लागते. तिसरा सगळ्यांत जुना: नकाशा क्यूजीआयएसमध्ये सजवायचा, नावं मराठीत उमटवायची आणि चित्राच्याच फरश्या पाडायच्या. क्यूजीआयएस देवनागरी नीट घडवतं. त्यात एक्सवायझेड फरश्या थेट एमबीटाइल्समध्ये पाडण्याचं साधन आहेच. फाइल जड होते, पण चिखलठाण चिखलठाणच राहतं. आम्ही हाच मार्ग घेतला आणि वजनाचं गणित वरच्या दोन थरांच्या हद्दीने सोडवलं.

पाडताना मेटाटाइलचा आकडा बघावा. साधन फरश्या एकेक न काढता चार बाय चारचे गट एकदम काढतं. आकडा १ केला तर प्रत्येक फरशी आपलं नाव आपणच मांडते आणि ‘बारागाव नांदूर’ कडेवर अर्धं कापलं जातं किंवा शेजारच्या दोन फरश्यांवर दोनदा येतं. ४ वरून ८ केला तर कापाकापी कमी होते, संगणकाची मेमरी मात्र जास्त लागते.

फरश्या आणायच्या कुठून याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे सर्रास चूक होते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मुक्त आहे, पण त्यांच्या सर्व्हरवरच्या तयार फरश्या घाऊक उतरवायला त्यांच्या धोरणात मनाई आहे. गूगलच्या फरश्या साठवून ठेवणंही त्यांच्या अटींत बसत नाही. योग्य वाट म्हणजे माहिती उतरवून फरश्या स्वतः पाडणं. जिओफाब्रिककडे भारताच्या पश्चिम विभागाची `western-zone-latest.osm.pbf` ही फाइल मिळते आणि तिच्यात महाराष्ट्र येतो. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर स्वतः नकाशे बनवणं बरंच मोकळं झालं आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेय-उल्लेख नेटवर्क नसतानाही नकाशाच्या कोपऱ्यात दिसायला हवा, तो मात्र लोक गाळतात.

गट नंबरांच्या हद्दी मी फरश्यांमध्ये उमटवत नाही. गाव नकाशे जमिनीवर बसवताना काही मीटरची चूक राहते, ती दुरुस्त होत जाते, आणि दर दुरुस्तीला सगळ्या फरश्या पुन्हा पाडणं परवडत नाही. त्या हद्दी वेगळ्या जिओपॅकेजमध्ये रेषा म्हणून ठेवल्या की रोज बदलता येतात. शेतात घेतलेल्या नोंदी तिसऱ्या फाइलमध्ये. जिओपॅकेजमध्ये सगळं एकत्र मावतं म्हणून नोंदी आणि नकाशा एकाच फाइलमध्ये ठेवण्याचा मोह होतो. मग कोणीतरी नवा नकाशा जुन्यावर चढवतो आणि आठवड्याच्या विहिरी पुसल्या जातात.

फोनवर चढवतानाच्या अडचणी थोडक्यात. अँड्रॉइड ११ पासून `Android/data` खालच्या ॲपच्या फोल्डरमध्ये फोनवरूनच फाइल टाकणं अवघड झालं आहे. ॲपच्या आतून फाइल निवडली की बरीच ॲप तिची दुसरी नक्कल करून घेतात, म्हणून तेवढा वेळ दुप्पट जागा मोकळी हवी. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल डॉक्युमेंट म्हणून जाते. जुन्या एफएटी३२ कार्डवर ४ जीबीची फाइल मावत नाही. आम्ही ओटीजीचा पेनड्राइव्ह वापरतो.

चाचणी नुसतं विमान मोड लावून होत नाही. ॲपने कचेरीत पाहिलेल्या फरश्या स्वतःकडे साठवलेल्या असतात आणि त्याच दिसून फाइल चालते असं वाटतं. आधी ॲपचा साठा पुसायचा, मग विमान मोड, मग फोन बंद करून चालू, आणि मग पश्चिम पट्ट्यातली तीन गावं झूम १८ पर्यंत उघडून बघायची. नेटवर्कशिवाय पहिल्यांदा जागा पकडायला जीपीएसला कित्येक मिनिटं लागू शकतात, कारण उपग्रहांची माहिती एरवी नेटवरून पटकन मिळते ती आता उपग्रहाकडूनच संथपणे घ्यावी लागते. तेवढ्यात पोरं नकाशा बिघडला म्हणून ॲप काढून पुन्हा टाकायला जातात, आणि त्यासोबत ॲपच्या पोटातली नकाशाची फाइलही जाते. म्हणून निघण्याआधी राहुरीतच, मोकळ्या आभाळाखाली, सगळे फोन दहा मिनिटं जीपीएस चालू ठेवून गाडीच्या बोनेटवर ठेवतो आणि प्रत्येकाचा निळा ठिपका स्थिर झाला की मगच ताहाराबादचा रस्ता धरतो.